पुराची रेघ आणि साठ दिवस

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जिन्यात, सातव्या पायरीच्या वर, भिंतीवर गेरूने ओढलेली एक रेघ होती. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी पाणी तिथपर्यंत चढलं होतं. पाणी ओसरल्यावर आजोबांनी ती ओढली आणि त्यानंतर वाड्याला जितक्यांदा चुना लागला तितक्यांदा रंगाऱ्याला बजावून ती तशीच ठेवली. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांच्या आठवणीत पूर म्हणजे गच्चीवरून दिसलेलं मातकट पाणी आणि नंतर कितीतरी दिवस उन्हात वाळत घातलेले कागद. घरातले सगळे फोटो त्या चिखलात गेले. आजी-आजोबांच्या लग्नाचा एकच फोटो आज आमच्याकडे आहे, तो का, तर त्याची एक प्रत आजीच्या माहेरी साताऱ्याला दिलेली होती.

हा फोटो मी लहानपणापासून बघत आले. त्यातून शिकण्यासारखं काही आहे हे मात्र डिसेंबर 2023 पर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

2019 च्या मे महिन्यात आम्ही वाडा रिकामा केला. त्याआधीचे दोन महिने बाबा रोज दुपारी फोन घेऊन वाड्यात हिंडायचे. दिंडी दरवाजा, ओसरी, माजघरातले कोनाडे, कडीपाटाच्या तुळया, बुजवलेला हौद, आणि अर्थात जिन्यातली रेघ. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे मोजणी पक्की: एकूण 412 फोटो. ‘एक माणूस चारशे वेळा एकाच घराचे फोटो काढतो,’ असं आई म्हणायची, पण ती बऱ्याच फोटोंत आहेही. फोन 32 जीबीचा. गूगल फोटोजचा बॅकअप मीच चालू करून दिला होता आणि तो व्यवस्थित चालत होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात ॲपने काहीही बिघडवलं नाही. बटण दाबल्यावर जे होणार म्हणून ते सांगतं, तेच त्याने केलं. बिघडवलं ते मी, एका वाक्याने.

2022 मध्ये बाबांना नवा फोन घेतला. दुकानातल्या मुलाने त्यात बाबांचं तेच गूगल खातं घातलं, आणि घरी येऊन वाय-फाय जोडल्यावर थोड्या वेळात नव्या फोनच्या पडद्यावर सगळा वाडा हजर. केबल नाही, कॉपी करणं नाही. बाबा खूश. ‘सगळे आले की गं!’ जुना फोन स्वयंपाकघरात आईच्या रेडिओसाठी राहिला, आणि भावाचा मुलगा ईशान आला की त्याच्या हातात.

24 सप्टेंबर 2023, रविवार, गणपतीचे दिवस. घरभर पाहुणे. ईशानला जुन्या फोनवर एक गेम टाकायची होती आणि फोन म्हणत होता जागा नाही. तो माझ्याकडे आला. मी आरतीच्या ताटाच्या गडबडीत.

‘आत्या, यातले जुने फोटो काढून टाकू का? आजोबांच्या नव्या फोनमध्ये आहेत ना सगळे?’

‘आहेत की. काढ तू.’

तेरा वर्षांचा मुलगा, पण माझ्यापेक्षा शहाणा निघाला. त्याने माझ्या शब्दावर विसंबून पुसलं नाही. आधी आजोबांचा नवा फोन उघडला, 2019 पर्यंत मागे गेला, वाड्याचे फोटो तिथे दिसतायत याची खात्री केली, आणि मगच जुन्या फोनवर गूगल फोटोज उघडून 2018 आणि 2019 चे महिने एकेक करून निवडले आणि डिलीट केले. मधे पाटी आली की हे फोटो खात्यातून आणि सिंक केलेल्या इतर फोनवरूनही जातील. ती त्याने वाचली नाही. मीही आयुष्यात अशी एकही पाटी पूर्ण वाचलेली नाही. गेम बसली, आरती झाली, उकडीचे मोदक झाले.

आता इथे जरा थांबून मोजणी करू या, कारण सगळा घोटाळा मोजणीत आहे. आमच्या हिशेबाने वाड्याच्या फोटोंच्या तीन प्रती होत्या: जुन्या फोनमध्ये एक, गूगलवर एक, नव्या फोनमध्ये एक. प्रत्यक्षात होत्या दोनच. जुन्या फोनच्या पोटात खऱ्या फाइली होत्या, कारण फोटो त्याच फोनने काढले होते. दुसरी प्रत गूगलच्या सर्व्हरवर. नव्या फोनमध्ये एकही फाइल नव्हती. तिथे दिसत होती ती सर्व्हरवरच्या प्रतीची छबी, इंटरनेटवरून आणलेली. ईशानने खात्री करून घेतली ती नसलेल्या प्रतीची. आणि जुन्या फोनवर जे बटण दाबलं त्याने उरलेल्या दोन्ही एका दमात गेल्या, फोनमधली आणि सर्व्हरवरची.

बाबांना हे समजावताना मला बँकच उपयोगी पडली. खात्यात दहा हजार आहेत. पासबुकात दहा हजार दिसतात, एटीएमवर दहा हजार, मोबाइलवर दहा हजार. म्हणून तीस हजार होत नाहीत. एटीएमवरून पाचशे काढले की तिन्हीकडे साडेनऊ हजार. हे सिंक. दोन-चार ठिकाणं एकसारखी ठेवायची, एवढंच त्याचं काम, आणि पुसणं हाही त्याच्या लेखी एक बदलच. तो इमानदारीने सगळीकडे पोचवला जातो. बॅकअप म्हणजे पावतीची कार्बन कॉपी. मूळ पावती फाडली, जाळली, तरी कार्बन कॉपीवरचं अक्षर जात नाही, कारण कागद उचलल्यावर त्या दोघांचा एकमेकांशी संबंध संपलेला असतो.

बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘आमच्याकडे रोज रात्री टेप काढून दुसऱ्या शाखेत पाठवायचे. मी स्वतः सह्या केल्यात त्या रजिस्टरवर.’ पुढे काही बोलले नाहीत. मला तेवढं पुरे होतं.

पण बँकेची उपमा एका जागी तुटते, आणि तीच जागा लोकांना फसवते. गूगल फोटोज हे धड सिंकही नाही आणि धड बॅकअपही नाही. फोटो काढला की तो वर चढतो, आणि फोन हरवला, पाण्यात पडला, फुटला तरी वरचा राहतो. इथवर तो बॅकअपच, आणि उत्तम बॅकअप. पुसताना मात्र तो सिंकसारखा वागतो, तेही तुम्ही कुठून पुसता त्यावर अवलंबून. जोडताना बॅकअप, पुसताना सिंक. पूर्वी त्या सोयीचं नाव ‘Back up & sync’ असं होतं. पुढे ते नुसतं ‘Backup’ झालं. मला विचाराल तर जुनं नाव बोजड होतं पण खरं होतं.

कुठून पुसता यावर म्हणजे कसं? समजा बाबांच्या जुन्या फोनमधला रेघेचा तो एक फोटो. तो फोनमध्येही आहे आणि सर्व्हरवरही. ईशानने गूगल फोटोजमधलंच ‘Free up space’ वापरलं असतं, तर ॲपने आधी बघितलं असतं की कोणते फोटो सुखरूप वर पोचलेत, आणि तेवढ्यांच्याच फोनमधल्या फाइली काढल्या असत्या. सर्व्हरवरची प्रत जागच्या जागी. एकेका फोटोच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतलं ‘Delete from device’ही तसंच, फक्त फोनमधली फाइल काढतं. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन `DCIM/Camera` या फोल्डरमधून फाइल उडवली असती तरी वरची वाचली असती. आणि गूगल फोटोजच्या पडद्यावरचा साधा कचऱ्याचा डबा दाबला की दोन्हीकडून जाते. ईशानला हवी होती जागा, म्हणजे त्याचं काम पहिल्या बटणाचं होतं. कचऱ्याचा डबा ओळखीचा, म्हणून तो दाबला गेला. सासूबाईंना पिशवीतला एक कांदा काढायला सांगितला तर त्या अख्खी पिशवी पालथी करतात, तसं काहीसं. (त्या हे वाचणार नाहीत याची मी खात्री करून घेतली आहे.)

‘Free up space’ वापरल्यावरही गाफील राहण्यात अर्थ नाही, कारण त्या क्षणानंतर फोटोची जगात एकच प्रत उरते, सर्व्हरवरची. कालपर्यंत जो बॅकअप होता तो आज मूळ झाला, आणि त्याला बॅकअप नाही. फोनवर मात्र काहीच बदललेलं दिसत नाही. तेच फोटो, तीच क्रमवारी. त्यानंतर कुठल्याही फोनवरून, टॅबवरून, भाच्याच्या हातून तो पुसला गेला की गेला.

गेला म्हणजे लगेच नाही. बॅकअप झालेला फोटो पुसला की तो गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये साठ दिवस राहतो. बॅकअप न झालेला असेल तर अँड्रॉइड 11 पासूनच्या फोनवर तीस दिवस. तेवढ्यात कुणी ट्रॅश रिकामा केला नाही तर एका बोटाने परत आणता येतो. आमचे साठ दिवस 24 सप्टेंबरला सुरू झाले आणि 23 नोव्हेंबरला संपले. त्यात दसरा गेला, दिवाळी गेली, भाऊबीजेला सगळे एकत्र जमून गेलो. त्या दिवशी कुणाला वाड्याची आठवण आली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. बाबांनी फोटो उघडले ते 3 डिसेंबरला, शेजारच्या सोसायटीतल्या कुणा गृहस्थांना रेघ दाखवायला. दहा दिवस उशीर.

‘अगं, डिसेंबर 2017 नंतर एकदम जानेवारी 2020 येतंय,’ बाबांनी फोनवर सांगितलं. आवाजात तक्रार होती, भीती नव्हती. त्यांना वाटत होतं की आपलंच बोट कुठेतरी चुकीचं लागतंय.

मी लॅपटॉपवर त्यांच्या खात्यात गेले. ट्रॅश रिकामा. जुन्या फोनच्या `DCIM/Camera` मध्ये पहिली फाइल जानेवारी 2020 ची. दोन दिवसांनी फोन घेऊन टिळक रस्त्याला एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने फोन उघडलासुद्धा नाही. ‘ताई, फोटो मेमरी कार्डवर असते तर प्रयत्न केला असता. आतल्या मेमरीतलं पुसलेलं मी घेतच नाही. पैसे घेऊन तुम्हाला काय देऊ?’ फोनच्या आतली साठवण एन्क्रिप्टेड असते, आणि पुसलेली जागा फोन स्वतःच नव्या फाइलींसाठी साफ करून ठेवतो. शिवाय दोन महिने त्या जागेवर गेम चाललेली. त्याने प्रामाणिकपणे नाही म्हटलं याचं मला आजही बरं वाटतं.

ईशानला आम्ही काही बोललो नाही. त्याला कळलंच, मुलांना कळतं. तो मला एवढंच म्हणाला, ‘पण आत्या, मी बघितलं होतं. नव्या फोनमध्ये होते.’ होते ना. दिसत होते. आता मला दिसणं आणि असणं वेगळं करून बघायची सवय लागली आहे, आणि त्याला फार काही लागत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, वाय-फायही बंद आहे ना बघायचं, आणि चार-पाच वर्षांपूर्वीचा एखादा फोटो उघडून बोटांनी मोठा करायचा. फाइल फोनमध्ये असेल तर भिंतीवरचा पोपडासुद्धा स्वच्छ दिसतो. नसेल तर धूसर राहतो आणि गोल फिरत बसतं. अलीकडे बघितलेला फोटो कधी कधी ॲपने तात्पुरता साठवलेला असतो, म्हणून बरेच दिवस न उघडलेला निवडायचा. दुसरी खूण ॲपमध्येच आहे: फोटो उघडून वर सरकवला की तपशील येतात, त्यात फाइल फोनमध्ये असली तर ‘On device’ अशी ओळ असते आणि सर्व्हरवर असली तर ‘Backed up’ अशी. बाबांच्या नव्या फोनवर 2020 च्या फोटोंना फक्त दुसरीच ओळ आहे.

वहिनीचा आयफोन आहे, ती म्हणाली आमच्यात असं होत नाही. होतं, आणि जास्त सरळ होतं. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर ते उघड उघड सिंक आहे. एका उपकरणावर पुसलेला फोटो त्या खात्याच्या सगळ्या उपकरणांवरून जातो आणि पुसलेल्यांच्या अल्बममध्ये तीसेक दिवस राहतो. वहिनीच्या फोनमध्ये जागा वाचवायची सोय चालू होती, म्हणजे पूर्ण आकाराचे मूळ फोटो वर आणि फोनमध्ये छोट्या आवृत्त्या. आणि तिचा भरवसा ज्यावर होता, तो रात्री होणारा आयक्लाउड बॅकअप, त्यात आयक्लाउड फोटोज चालू असताना फोटो घेतलेच जात नाहीत, कारण ते आधीच वर आहेत असं धरलेलं असतं. हे ऐकून तिने त्याच संध्याकाळी भावाला लॅपटॉप उघडायला लावला.

सध्या आमच्याकडे काय चालतं ते सांगते. फार हुशारीचं नाही. दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घेतल्या. तीन महिन्यांनी एकदा बाबांचा फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, फोनवर फाइल ट्रान्सफर निवडायचं, आणि `DCIM` फोल्डर कॉपी करायचा. कट नाही, कॉपी. कट केलं की पुन्हा प्रत एकच. व्हॉट्सॲपचे फोटो या फोल्डरमध्ये नसतात. ते अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आत खोल असतात आणि गूगल फोटोजही ते फोल्डर आपण वेगळं चालू केल्याशिवाय वर चढवत नाही, म्हणून तेही हाताने घ्यायचं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

कॉपी झाली की फोनमधल्या आणि डिस्कवरच्या फाइलींची संख्या ताडून बघायची (हे काम बाबांचं, आणि ते त्यावर टिक करतात), मधली एखादी आणि शेवटची फाइल उघडून बघायची, आणि डिस्क काढून ठेवायची. काढून ठेवायची हे महत्त्वाचं. सतत जोडलेली आणि आपोआप एकसारखी होत राहणारी डिस्क पुन्हा पासबुकच होते.

जे फक्त सर्व्हरवरच उरले होते ते गूगल टेकआउटने उतरवून घेतले. मोठमोठ्या झिप फाइली येतात आणि प्रत्येक फोटोसोबत एक `.json` फाइल येते. तारीख-जागेची माहिती तिच्यात असते, म्हणून ती कचरा समजून उडवायची नाही. बाबांचे जुने फोटो जागा वाचवणाऱ्या प्रकारात चढवलेले होते, त्यामुळे ते थोडे दाबून लहान केलेले आले. मूळ फाइली तर त्याही आधीच्या फोनबरोबरच गेल्या होत्या. पण आले.

दुसरी डिस्क आम्ही साताऱ्याला ठेवतो, नानाकाकांकडे. नानाकाका म्हणजे बाबांचे मामेभाऊ, आजीच्या माहेरच्या त्याच घरातले. आम्ही पहिल्यांदा डिस्क घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन विचारलं, ‘एवढीशीच? मग हिला काय खायला घालायचं?’ आणि ती स्टीलच्या डब्यात घालून लोखंडी कपाटात ठेवली. वर्षातून दोनदा ती आणि आमच्याकडची डिस्क अदलाबदल होते. पोवई नाक्यावर कंदी पेढे घेण्यासाठी एक निमित्तही होतं.

वाड्याचे 412 फोटो त्या डिस्कवर नाहीत. 37 आहेत. बाबांनी 2019 मध्ये कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेले, माझ्या आत्याच्या फोनमध्ये राहिलेले. तिने आयुष्यात एकही फोटो पुसलेला नाही. तिच्या फोनमध्ये 2016 पासूनची सगळी सुप्रभात आहेत, आणि आम्ही सगळे त्यावरून तिला हसायचो. व्हॉट्सॲपने पाठवताना लहान करून टाकलेले फोटो ते, मोठे केले की लगेच फुटतात. रेघेचा असा वेगळा फोटो त्यांत नाही. मी सगळे 37 दोनदा बघितले आणि बाबांना तसं सांगितलं.

बाबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. चौथ्या की पाचव्या फोटोत आई जिन्यात बसून शेंगा सोलतेय, मांडीवर सूप, पदर खोचलेला. तिच्या मागे भिंत. बाबांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आईचा चेहरा पडद्याबाहेर गेला आणि नुसते पांढरे-करडे चौकोन उरले. मग त्यांनी चष्मा काढला आणि त्या चौकोनांमधून आडव्या गेलेल्या एका तांबूस ओळीवर बोट ठेवलं.

‘ही बघ,’ ते म्हणाले. ‘सातवी पायरी.’